पिनकोड टाका, जवळचं दुकान शोधा

खारघरचा पिनकोड ४१०२१०, शेजारच्या सीबीडी बेलापूरचा ४००६१४, आणि घाटापलीकडच्या लोणावळ्याचा ४१०४०१. समजा, एका मसालेवाल्याची दुकानं बेलापूर आणि लोणावळ्यात आहेत. त्याच्या वेबसाइटनं पिनकोडचे पहिले तीन आकडे जुळवून दुकान शोधलं, तर खारघरच्या गिऱ्हाइकाला ती थेट लोणावळ्याला धाडेल. १९७२ साली आलेला पिनकोड टपालाची विभागणी सोपी करण्यासाठी आहे. अंतर मोजणं हे त्याचं काम नाही.

म्हणून पिनकोडवरून आधी नकाशावरची जागा काढावी लागते. प्रत्येक पिनकोडच्या साधारण मध्याचे अक्षांश-रेखांश एका तक्त्यात ठेवायचे. दुकानांचे मात्र अचूक हवेत; गूगल मॅप्सवर दुकानाच्या दारावर राइट-क्लिक केलं की ते मिळतात. गिऱ्हाइकानं पिनकोड टाकला की प्रत्येक दुकानापर्यंतचं अंतर हॅवरसाइन सूत्रानं काढून जवळचं दुकान वर दाखवायचं. नकाशासाठी लीफलेट ही मोफत लायब्ररी आणि ओपनस्ट्रीटमॅप छोट्या साइटला पुरतात. ‘© OpenStreetMap’ हा श्रेयोल्लेख मात्र ठेवायलाच हवा.

खूण नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात उमटली, तर अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली आहे. लीफलेटला आधी अक्षांश लागतो, जिओजेसन फाइलमध्ये आधी रेखांश असतो. पुण्यासाठी लीफलेटमध्ये असं लिहायचं:

```
L.marker([18.52, 73.86]).addTo(map);
```

हे अंतर सरळ रेषेतलं असतं. मध्ये खाडी किंवा घाट असेल तर रस्ता बराच लांबचा निघतो, म्हणून एकच दुकान न दाखवता जवळची तीन दाखवावीत आणि प्रत्येकाचा फोन नंबर द्यावा.