भव्य किल्ला 'सभ्य' कसा झाला?

हिंदीतून बंगालीत अनुवाद करणं सोपं असावं, असं कुणालाही वाटेल. दोन्ही भाषा संस्कृतच्या गोतावळ्यातल्या. वाक्यात कर्ता आधी, कर्म मग आणि क्रियापद शेवटी, हा क्रमही सारखाच. म्हणूनच पर्यटनाची माहितीपत्रकं बंगालीत नेताना अनुवादक बेसावध राहतो. हिंदी शब्द उचलायचा, बंगाली लिपीत लिहायचा, प्रत्यय बदलायचा आणि पुढच्या शब्दाकडे वळायचं. प्रत्येक शब्द बंगाली कोशात सापडतो, त्यामुळे मुद्रितशोधकही काही बोलत नाही. कोलकात्यातला वाचक मात्र दोन ओळी वाचून पत्रक घडी करून ठेवतो.

जैसलमेरचं उदाहरण घेऊ. हिंदी पत्रकांत सर्रास आढळतो तशा वळणाचा हा उतारा मीच रचला आहे:

"रेत के समंदर में बसी स्वर्ण नगरी जैसलमेर में आपका हार्दिक स्वागत है। त्रिकूट पहाड़ी पर स्थित यह भव्य किला सन् ११५६ में रावल जैसल द्वारा बनवाया गया था। सूर्यास्त के समय इसकी पीले पत्थरों की दीवारें सोने-सी दमक उठती हैं। यहाँ की नक्काशीदार हवेलियाँ पर्यटकों को अनायास ही अपनी ओर आकर्षित करती हैं। यहाँ घूमने आएँ तो सम के धोरों पर ऊँट की सवारी का आनंद लेना न भूलें।"

शब्दाला शब्द ठेवत गेलं की पहिला खड्डा 'भव्य'पाशी लागतो. हा शब्द बंगालीत आहे, पण तो भेटतो 'सभ्य-भव्य' अशा जोडीत, आणि तिथे त्याचा अर्थ सुसंस्कृत, रीतभात असलेला. म्हणजे वाळवंटातला प्रचंड किल्ला बंगालीत चार लोकांत नीट वागणारा मुलगा होऊन बसतो. 'घूमने आएँ' तर त्याहून गमतीचं. बंगालीत 'घुमोनो' म्हणजे झोपणं. घाईत 'घुमोते आसुन' असं लिहिलं तर ते झोपायला या असं आमंत्रण ठरेल. फिरायला जाण्यासाठी बंगाली क्रियापद आहे 'बेड़ानो'. 'शिक्षा' या शब्दाने हिंदीत आणि मराठीत घातलेला घोळ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या सापळ्यांचं नवल वाटू नये.

पण हे सापळे पकडता येतात. चुकीचा शब्द कुणीतरी दाखवतो, तो बदलला जातो. शब्द बरोबर असूनही वाक्य लाकडासारखं होतं, ते दुखणं जास्त चिवट आहे.

'रावल जैसल द्वारा बनवाया गया था' याचं बंगालीत 'रावल जैसल द्वारा निर्मित हयेछिल' असं रूप होतं. व्याकरणात दोष नाही, पण ते पुरातत्त्व खात्याच्या पाटीवरचं वाक्य वाटतं. गोष्ट सांगणारा बंगाली माणूस जुनी घटना बरेचदा वर्तमानकाळात सांगतो: 'एइ केल्ला तैरि करान रावल जयसल', म्हणजे 'हा किल्ला बांधवून घेतो रावल जैसल'. तसंच 'स्वागत है' मधल्या 'है'चं. बंगालीत अशा वाक्यात 'आहे' बहुधा लागतच नाही. 'त्रिकूट पाहाड़ेर माथाय सोनार केल्ला' एवढं म्हटलं की वाक्य पूर्ण. ज्या अनुवादात जागोजागी 'आछे' किंवा 'हय' दिसतं, त्याच्याखाली हिंदी वाक्य दडलेलं असतं.

नावाचीही एक मेख आहे. 'जै' हे अक्षर जसंच्या तसं बंगाली लिपीत नेलं तर वाचक ते 'जोई' असं वाचतो. म्हणून बंगालीत 'जयसलमेर' लिहितात. 'सम' तसाच ठेवला तर तो 'शमो', म्हणजे 'समान', असा वाचला जाईल. तिथे 'साम' लिहावं लागतं.

आता 'स्वर्ण नगरी'. इथे अनुवादकाला कोश पुरत नाही, बंगाली घरातलं पुस्तकांचं कपाट ठाऊक असावं लागतं. सत्यजित राय यांची 'सोनार केल्ला' ही फेलूदाची कादंबरी १९७१ची, आणि त्यांनीच काढलेला चित्रपट १९७४चा. मुकुल नावाच्या मुलाला गेल्या जन्मातला सोन्याचा किल्ला आठवतो आणि त्याच्या मागे फेलूदा राजस्थानात पोचतो. तो किल्ला हाच. बंगाली माणूस जैसलमेरला पोचण्याआधीच त्याने हा किल्ला पडद्यावर पाहिलेला असतो. त्याच्यापुढे 'स्वर्ण नगरी' ठेवणं म्हणजे ओळखीच्या माणसाची नव्याने ओळख करून देणं. 'सोनार केल्ला' म्हणावं, आणि त्याआधी 'सेइ' हा छोटासा शब्द ठेवावा. 'सेइ सोनार केल्ला', म्हणजे 'तोच तो, तुम्हाला माहीत असलेला'. त्या एका शब्दात 'हार्दिक स्वागत'चं सगळं काम होऊन जातं. मग ते स्वागत उतरवण्याची गरजच उरत नाही.

वाळूसाठीही बंगालीकडे स्वतःचा शब्द आहे: 'धू-धू'. हिंदी कानाला यात आग ऐकू येते, बंगाली कानाला नजर पोचेल तिथवर पसरलेलं ओसाड मैदान दिसतं. असे नादशब्द बंगालीत इतके आहेत की रवींद्रनाथांनी त्यांच्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. 'समंदर' गाळून 'धू-धू बालि' लिहिलं तर अर्थात काही उणं पडत नाही, उलट चित्र उभं राहतं. सूर्यास्तासाठी 'पड़न्त बिकेल', म्हणजे कलती दुपार. सोन्यासाठी 'काँचा सोना', म्हणजे अस्सल, न घडवलेलं सोनं. धोऱ्यांसाठी 'बालियाड़ि'.

'आनंद लेना न भूलें' हे वाक्य प्रत्येक हिंदी पत्रकात असतं, आणि बंगालीत ते नेहमी उपऱ्यासारखं वावरतं. बंगाली माणूस अशा वेळी म्हणतो, अमुक केलं नाही तर 'बेड़ानोटाइ माटि'. सहलीची मातीच की! मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागू नये.

मग उतारा असा होतो (बंगाली लेखनाला धरून देवनागरीत दिला आहे, वाचताना 'अ' थोडा 'ओ'कडे झुकवावा):

"धू-धू बालिर माझे जयसलमेर। त्रिकूट पाहाड़ेर माथाय सेइ सोनार केल्ला, ११५६ साले तैरि करान रावल जयसल। पड़न्त बिकेले तार हलदे पाथरेर देयाल काँचा सोनार रं धरे। शहरेर हाबेलिगुलोर गाये एमन कारुकाज ये पा आपनिइ थेमे याय। आर सामेर बालियाड़िते उटेर पिठे ना चड़ले तो बेड़ानोटाइ माटि।"

'अनायास आकर्षित करती हैं' याची जागा 'पा आपनिइ थेमे याय' याने घेतली: पाय आपसूकच थांबतात. मूळ कल्पना तीच आहे, फक्त ती आता चालत्या माणसाला घडते. ऊँट की 'सवारी'ही गेली, कारण बंगालीत 'सओयारि' म्हणजे बहुधा स्वार किंवा गाडीतला उतारू.

या मोकळीकीला एक कुंपण आहे. वर्ष, नाव, टेकडी, दगडाचा रंग यांना हात लावलेला नाही. मुकुल किंवा फेलूदाचं नावही उताऱ्यात घातलेलं नाही, कारण ते मुळात नाही; 'सोनार केल्ला' मात्र त्या किल्ल्याचं बंगालीतलं रूढ नावच आहे. पत्रक ढाक्याच्या वाचकासाठी असेल तर काही शब्द पुन्हा तपासावे लागतील. पाण्याला कोलकात्यात 'जल' म्हणतात, तिकडे बहुतेक घरांत 'पानि'.

तपासणीसाठी मी एकच उपाय करतो. हिंदी न येणाऱ्या बंगाली माणसाला मजकूर मोठ्याने वाचायला सांगतो आणि तो कुठे अडखळतो ते बघतो. तो अडखळला की त्या ठिकाणी बहुतेक वेळा हिंदीच सापडते. वरच्या उताऱ्याच्या पहिल्या खर्ड्यात तो दोनदा अडखळेल असा माझा अंदाज आहे: एकदा 'अबस्थित'पाशी, एकदा 'पर्यटकदेर'पाशी. दोन्ही शब्द शुद्ध बंगाली आहेत. पण सहलीला निघालेला माणूस स्वतःला 'पर्यटक' म्हणत नाही, म्हणून त्यांना काढून टाकलं.