फोटोतल्या सातबाऱ्याची उजवी बाजू

जमीन पाहून घरी पोचायच्या आत एजंटने मोबाइलवर सातबाऱ्याचा फोटो पाठवलेला असतो. समजा, त्यावर गटाचं क्षेत्र 1 हेक्टर 20 आर आहे, म्हणजे तीन एकरांना जरासं कमी. त्यातले 8 आर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारे.

आधी वर 'भूधारणा पद्धती' वाचा. 'भोगवटादार वर्ग 1' असेल तर मालकाला विकण्याची मोकळीक असते. 'वर्ग 2' असेल तर बहुधा सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते.

मधल्या रकान्यात दोन भाऊ आणि एक बहीण अशी तीन नावं एकाच खात्यावर आहेत, आणि क्षेत्र तिघांचं मिळून एकच लिहिलंय. चौथ्या नावावर आडवी रेघ आहे. ते वडिलांचं, कमी झालेलं. विकायला निघालाय थोरला भाऊ. "रस्त्याकडचा एकर माझा," असं तो म्हणतो, पण त्याचा तुकडा नेमका कुठला, हे या कागदावर कुठेच नाही. वाटणी आणि पोटहिश्शाची मोजणी झालेली नसेल, तर तिघांच्याही सह्या हव्यात. नावांपुढचा फेरफार क्रमांक टिपून त्या फेरफाराची नक्कल काढा. वडिलांच्या जागी कोण वारस लागले आणि कोणी राहून गेलं का, ते तिथे कळतं.

उजवीकडचा 'इतर अधिकार' हा रकाना फोटोत हमखास कापला जातो. तो दिसत नसेल तर पूर्ण पान मागा. कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, कोर्टाचा मनाई हुकूम आणि बोजा, हे सगळं तिथेच असतं. आपल्या उदाहरणात विकास सोसायटीचा दीड लाखाचा बोजा आहे. "कर्ज कधीच फेडलंय," असं मालक सांगेल आणि ते खरंही असेल. पण कर्ज फिटलं म्हणून नोंद आपोआप जात नाही. सोसायटीचा बेबाकी दाखला तलाठ्याकडे देऊन बोजा कमी केल्याचा फेरफार मंजूर व्हावा लागतो. तोवर विसार देऊ नका.

खालचा नमुना बारा पिकांचा. भाव बागायतीचा सांगितलाय, पण तीन वर्षं नुसतं खरिपाचं सोयाबीन आणि सिंचनाचा रकाना कोरा असेल, तर विहीर स्वतः जाऊन बघा. मात्र पीक पाहणीत कोणाचं नाव आहे, एवढ्यावरून मालकी ठरत नाही.

शेवटी फोटोवरची तारीख पाहा. त्यानंतर फेरफार झालेला असू शकतो. महाभूमीच्या digitalsatbara.mahabhumi.gov.in या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा ताजा उतारा स्वतः काढा आणि तळाशी प्रलंबित फेरफार आहे का, ते बघा. सातबारा मुळात महसुलाचा कागद आहे. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत त्यातली नोंद खरी धरतात, पण मालकी खरेदीखत, वाटणीपत्र, वारसा यांतून येते. म्हणून दुय्यम निबंधकाकडचा शोध वकिलाकडून घ्यायलाच हवा.