दुखावलेल्या डीएनएची नक्कल

सूर्यप्रकाशातील अतिनील किरण त्वचेच्या पेशीत शिरले, की डीएनएच्या धाग्यावर शेजारी असलेली दोन थायमिन अक्षरे एकमेकांना चिकटू शकतात. पेशी दुभंगण्याआधी संपूर्ण डीएनएची नक्कल व्हावी लागते आणि ही जोडगोळी त्या कामात अडथळा ठरते. नक्कल करणारी नेहमीची विकरे, म्हणजे पॉलिमरेज, जुन्या धाग्यावरचे एकेक अक्षर तपासूनच त्याचा जोडीदार बसवतात. अक्षर बसण्याची त्यांची जागा इतकी अरुंद असते, की चिकटलेली दोन अक्षरे तिच्यात मावत नाहीत. चुकीचे अक्षर बसलेच, तर ते कापून काढण्याचीही सोय या विकरांत असते. मात्र या काटेकोरपणामुळेच ती दुखावलेल्या जागी अडून बसतात.

नक्कल थांबली, की धाग्याचा काही भाग एकेरी व उघडा राहतो. हीच पेशीसाठी धोक्याची खूण असते. पॉलिमरेजला धाग्यावर धरून ठेवणाऱ्या पीसीएनए नावाच्या प्रथिन-कड्याला मग युबिक्विटिन हे छोटे प्रथिन जोडले जाते. त्या खुणेकडे ‘पॉलिमरेज इटा’ ओढले जाते. त्याची जागा प्रशस्त असल्यामुळे चिकटलेली दोन्ही थायमिने तिच्यात सामावतात आणि इटा त्यांच्यासमोर बहुतेक वेळा दोन अ‍ॅडेनिन, म्हणजे योग्य तेच जोडीदार, बसवते. थोडे पुढे जाऊन ते धागा सोडते आणि नेहमीचे विकर पुन्हा कामाला लागते. मूळ इजा मात्र तशीच राहते. तिची दुरुस्ती दुसरी यंत्रणा नंतर करते.

या सवलतीची किंमत मोठी आहे. इटाकडे चूक कापून काढण्याची सोय नाही. धडधाकट डीएनएवर ते शेकडो अक्षरांमागे एखादी चूक करू शकते, तर नेहमीच्या विकरांच्या चुका त्याच्या हजारो पटींनी कमी असतात. म्हणूनच इटाला खुणेच्या जागी, थोड्याच अक्षरांपुरते काम दिले जाते.

इटाच नसेल तर काय होते, हे झिरोडर्मा पिगमेंटोसम या आजाराच्या ‘व्हेरियंट’ प्रकारात दिसते. या रुग्णांच्या पेशी अतिनील इजा कापून काढू शकतात, तरीही उन्हामुळे त्यांना त्वचेचा कर्करोग होण्याचा धोका फार वाढतो. या आजाराचे मूळ इटाच्या जनुकातील दोषात असल्याचे 1999 मध्ये स्पष्ट झाले. इटाच्या गैरहजेरीत दुसरी सैल विकरे पुढे येतात. या जोडगोळीसमोर ती इटापेक्षा जास्त चुका करतात आणि उत्परिवर्तने साचत जातात. म्हणजे एरवी बेफिकीर ठरणारे विकर ठरावीक इजेसमोर अचूकतेचे रक्षण करते.

कर्करोगाच्या उपचारात हीच क्षमता आड येते. सिस्प्लॅटिन हे औषध डीएनएतील शेजारची ग्वानिन अक्षरे जोडून पेशी मारते, पण इटा तो अडथळाही ओलांडू शकते. त्यामुळे काही कर्करोग पेशी औषधातून वाचतात.