मिक्सर लावताच इन्व्हर्टर का ओरडतो?

मिक्सरवर लिहिलेले ५०० वॅट ही मोटर पूर्ण वेगात फिरत असतानाची गरज असते. थांबलेली मोटर सुरू होताना तिच्यात विरोधी विद्युतदाब नसतो. त्यामुळे क्षणभर ती नेहमीच्या दोन-तीन पट प्रवाह ओढते. अर्ध्या अश्वशक्तीच्या पाण्याच्या पंपात तर हा झटका पाच ते सात पटींपर्यंत जातो.

घरातला ८५० व्हीएचा इन्व्हर्टर साधारण ७०० वॅट देतो. दोन पंखे आणि चार दिव्यांचे १९० वॅट व मिक्सरचे ५०० मिळून ६९० होतात. कागदावर हे बसते, पण बटण दाबताच मागणी हजारांपुढे उसळते. मग लाल दिवा लागतो, बीप वाजते आणि इन्व्हर्टर स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडतो. बॅटरी जुनी असेल, तर तिचा दाब या झटक्यात आणखी खाली बसतो.

मिक्सर वापरण्याआधी पंखे व टीव्ही बंद करावेत. भांडे अर्धेच भरावे आणि बटण थेट तिसऱ्या वेगावर न नेता पहिल्यावर ठेवावे. चटणी घट्ट असेल तर आधी थोडे पाणी घालावे, कारण अडकलेले पाते झटका लांबवते. एवढे करूनही अलार्म वाजला, तर मिक्सर त्या इन्व्हर्टरला जड आहे असे समजावे. पुन्हा पुन्हा रीसेट करून तो चालवू नये. पंपाची जोडणी मात्र वायरमनकडून इन्व्हर्टरच्या लाइनमधून काढून थेट मुख्य वीजपुरवठ्यावर घ्यावी; घरगुती लहान इन्व्हर्टर पंपासाठी नसतो.