आधी ऐका, तोडगा नंतर

ओळख जेमतेम तीन आठवड्यांची. रात्री फोनवर ती सांगते, "आज साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं." तो लगेच म्हणतो, "मग तक्रार कर ना!" पलीकडून नुसतं "हं." तक्रारीचं तिलाही सुचलेलं असतंच.

त्याऐवजी "सगळ्यांसमोर? अपमान वाटला असेल," एवढंच म्हटलं, तर ती म्हणेल, "अपमान नाही, रागच आला." अंदाज चुकला तरी बिघडत नाही, तो दुरुस्त करताना तिला भावनेचं नेमकं नाव सापडतं. असं नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी होते, असं मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ मधील प्रयोगात दिसलं. अर्थात तो चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवून केलेला होता, गप्पांवर नव्हे.

"काय करू?" असं तिनेच विचारलं, की मग तोडगा सुचवावा.