स्विचबोर्डभोवतीचे काळे डाग पुसताना भिंतीचा रंगच का निघतो?

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी परिसरात कोळशाच्या खाणी आहेत. तिथे घरात येणाऱ्या धुळीत कोळशाचे बारीक कणही असतात. हाताचं तेल स्विचबोर्डभोवती लागतं, त्यावर ही धूळ बसते आणि काळपट पट्टा तयार होतो. नुसत्या पाण्याने तो जात नाही, कारण धूळ तेलात अडकलेली असते. मग लोक जोर लावतात आणि तिथेच रंग निघतो.

म्हणून आधी भिंतीवर कोणता रंग आहे ते पाहायचं. दाराआडच्या कोपऱ्यात ओल्या पांढऱ्या कापडाने हलकेच घासा. कापडाला रंग किंवा पूड लागली, तर भिंत चुन्याची किंवा साध्या डिस्टेंपरची आहे. कापड स्वच्छ राहिलं तर बहुधा प्लास्टिक पेंट आहे आणि तो जपून पुसता येतो.

समजा, वणीतल्या एका घरात प्लास्टिक पेंट आहे. स्विचशेजारी हातांचे डाग, खाली मुलांच्या पेन्सिलच्या रेघा आणि दाराजवळ खुर्ची घासल्याचा काळा ओरखडा आहे. सुरुवात कोरड्यानेच करायची. आधी धूळ झटकली नाही, तर पाणी लागताच तिचा चिखल होऊन पसरतो. पेन्सिल पांढऱ्या खोडरबराने जाते. ओरखडाही आधी त्यानेच घासून पाहावा. रंगीत खोडरबर मात्र नको, त्याचाच डाग पडतो.

आता तेलकट डाग. पाणी लावण्याआधी मेन स्विच बंद करा. अर्धा लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा अर्धा चमचा पुरतो. मऊ कापड त्यात बुडवून घट्ट पिळा. भिंतीवर किंवा बोर्डावर काहीही फवारू नका. खालून वर हलकेच पुसत जा. वरून सुरुवात केली, तर ओघळ कोरड्या मळकट भिंतीवर उतरतात आणि त्यांच्या रेषा राहतात. मग साध्या पाण्याच्या पिळलेल्या कापडाने साबण काढून घ्या. राहिलेला साबण चिकट असतो, त्यावर धूळ पुन्हा लवकर बसते. बोर्ड पूर्ण वाळल्यावरच मेन स्विच सुरू करा.

न निघालेल्या ओरखड्यावर ओल्या कापडावर चिमूटभर खाण्याचा सोडा घेऊन अगदी हलक्या हाताने फिरवा. मॅट रंगावर जास्त घासलं, तर डाग जातो पण तिथे चकाकणारा ठिपका उरतो. तो उजेड बाजूने पडला की लगेच दिसतो आणि पुसून जात नाही. स्टीलची घासणी तर भिंतीला लावूच नये.

आणि डिस्टेंपर असेल तर? खोडरबरापुढे जाऊ नका. तेलकट डागावर थेट नवा हात मारला, तर काही दिवसांत पिवळट डाग पुन्हा वर येतो. त्या जागी आधी डाग रोखणारा प्रायमर लावावा, तो वाळू द्यावा आणि मगच रंग द्यावा.