सनकोटातून किती ऊन गळतं?

मे महिन्यात दुपारी अकोल्याहून अमरावतीकडे निघालेले दुचाकीस्वार पाहा. डोक्याला पांढरा दुपट्टा, अंगात पातळ पांढरा सनकोट. अकोल्याचा अक्षांश 20.7 अंश उत्तर; त्यामुळे 24-25 मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. हँडल धरलेला हात आणि मांडी जवळजवळ आडव्या असतात, म्हणून सरळ खाली येणारे अतिनील किरण सर्वात जास्त तिथेच पडतात. पांढरा सनकोट त्यांना किती अडवतो?

हे मोजायला कापडाचा एक अंक असतो, यूपीएफ. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडने 1996 मध्ये त्याचं मानक ठरवलं. अंक 50 म्हणजे त्वचा भाजणाऱ्या किरणांचा पन्नासावा भाग, अर्थात 2 टक्के, आत येतो. पातळ पांढऱ्या सुती कापडाचा अंक बहुधा 5 ते 10 च्या दरम्यान असतो. समजा तो 5 आहे. मग अर्ध्या तासाच्या प्रवासात त्वचेला उघड्यावरच्या 6 मिनिटांइतके किरण मिळतात. याच दुपट्ट्याची दुहेरी घडी घातली, तर पाचवा भागाचा पाचवा भाग, म्हणजे साधारण पंचविसावा भाग उरेल. प्रत्यक्षात हिशेब इतका काटेकोर जमत नाही, पण फरक मोठाच पडतो.

किरण दोन वाटांनी आत येतात. पहिली वाट उभ्या-आडव्या धाग्यांमधल्या फटींची. कापडाचा दहावा भाग फटींनी व्यापला असेल, तर धागे कितीही चांगले असले तरी अंक 10 च्या वर जाणारच नाही. वर्गात कापड दिव्यासमोर धरून फटी दाखवता येतील. खांद्यावर ताणलं की त्या आणखी रुंदावतात; म्हणून सनकोट ढगळ हवा.

दुसरी वाट धाग्यांमधूनच जाते, आणि ती दिव्याच्या परीक्षेत कळत नाही. ब्लीच केलेला सुती धागा अतिनील किरण फारसे शोषत नाही. रंगातले रेणू ते शोषतात, म्हणून त्याच विणीचं गडद निळं कापड सरस ठरतं. जीन्सचं कापड घट्ट विणीचं, जाड आणि गडद. त्याचा अंक 50 च्या कितीतरी वर जातो. मात्र हा अंक उकाड्याबद्दल काहीच सांगत नाही.

वऱ्हाडात ऊन लागू नये म्हणून दुपट्टा भिजवून बांधतात. थंडाव्यासाठी ते योग्यच, पण पाण्यानं तंतूंमधली हवा जाते, प्रकाश विखुरणं कमी होतं आणि कापड पारदर्शक होतं. ओलं पांढरं कापड अंगाशी पारदर्शक दिसतं ते याचमुळे. त्याचा अंकही बराच उतरतो. तेव्हा ओला रुमाल आत आणि कोरडं गडद कापड वर, असं बांधावं.

बाहीची लांबी दुकानात हात खाली सोडून मोजू नये. गाडीवर बसून, हँडल धरून पाहावी. हात पुढे गेला की बाही दोन-तीन बोटं मागे सरकते आणि मनगट उघडं पडतं.